गर्भावस्थेतील मधुमेह आणि आहार

गर्भावस्थेत प्रथमच आढळणाऱ्या रक्तशर्करावाढीस गर्भावस्थेतील मधुमेह म्हणतात. वारेतून स्रवणाऱ्या संप्रेरकांमुळे इन्सुलिनचा प्रभाव कमी होतो. आईची अतिरिक्त शर्करा वारेतून गर्भाकडे जाते. त्यामुळे गर्भ स्वतःचे इन्सुलिन अधिक निर्माण करतो व त्याचे वजन वाढते. जन्मानंतर हा पुरवठा अचानक थांबल्याने बाळाच्या रक्तातील शर्करा धोकादायकरीत्या उतरू शकते.

उपचाराचा आरंभ आहारापासून होतो. येथे उपाशी राहणे अभिप्रेत नसून तेच अन्न दिवसभरात तीन जेवणे आणि दोन-तीन लहान खाणी असे विभागणे अपेक्षित असते. सामान्यतः रक्तशर्करा उपाशीपोटी ९५ पेक्षा कमी आणि खाण्यास आरंभ केल्यापासून दोन तासांनी १२० मिलिग्रॅमपेक्षा कमी असावी, असे उद्दिष्ट ठेवतात.

सर्वांत अवघड वेळ सकाळची. पहाटे वाढणाऱ्या कॉर्टिसॉलसारख्या संप्रेरकांमुळे इन्सुलिन तेव्हा कमी परिणामकारक ठरते. म्हणून दुपारी पचणारे प्रमाण न्याहारीला अनेकदा जास्त होते. समजा, एका गर्भवतीने सकाळी आठला बशीभर बटाटेपोहे आणि साखरेचा चहा घेतला व दहा वाजता शर्करा १५२ भरली. अशा वेळी पोहे वर्ज्य करण्याची गरज नसते. बटाटा वगळून अर्धी बशी पोहे, त्यांत शेंगदाणे, सोबत वाटीभर मोड आलेल्या मटकीची उसळ आणि बिनसाखरेचा चहा घ्यावा. उसळीतील प्रथिने व तंतू शर्करेचे शोषण मंदावतात. साडेदहाच्या सुमारास एखादा पेरू खावा. दोन-तीन दिवस त्याच वेळी मोजूनही आकडा १२० च्या वर राहिल्यास पोह्यांऐवजी मुगाचे धिरडे किंवा अंडे घेऊन पाहावे.

धान्याइतकेच त्याचे रूपही महत्त्वाचे असते. नाचणीची भाकरी भाजी-आमटीसह सावकाश पचते, तर त्याच नाचणीच्या सत्त्वाची पातळ खीर शर्करा झपाट्याने वाढवू शकते. गूळ साखरेपेक्षा निर्धोक असल्याचा समज चुकीचा आहे. डिंकाचे लाडू व डोहाळजेवणातील पक्वान्ने त्याच हिशेबात धरावीत. साबुदाणा तर जवळजवळ निव्वळ पिष्टच.

रात्रीचे जेवण आठच्या सुमारास झाल्यास निजताना कपभर बिनसाखरेचे दूध व मूठभर फुटाणे घ्यावेत. दीर्घ उपवासाने, किंवा भात-भाकरी पूर्णपणे सोडल्याने, शरीर चरबी जाळू लागते व लघवीत कीटोन दिसतात. आकडे उत्तम असूनही वजन घटत असेल, तर खाणे अपुरे पडत आहे असे समजावे.

उपाशीपोटीची शर्करा मात्र आहाराने फारशी आटोक्यात येत नाही, कारण ती यकृतातून रात्रभर स्रवत असते. साधारण दोन आठवड्यांत उद्दिष्ट न गाठल्यास डॉक्टर इन्सुलिन किंवा मेटफॉर्मिन देतात. इन्सुलिन घेणाऱ्या स्त्रीने जेवण लांबवू नये. घाम, थरथर जाणवून शर्करा ७० खाली गेल्यास तीन चमचे ग्लुकोज पाण्यातून तत्काळ घ्यावे व पंधरा मिनिटांनी पुन्हा मोजावे. प्रसूतीनंतर सुमारे सहा आठवड्यांनी ७५ ग्रॅम ग्लुकोजची चाचणी पुन्हा करतात.