दोन पट्ट्यांमधल्या मोकळ्या जागेतली विद्युतधारा

विद्युत आणि चुंबकत्वाचे चार मूलभूत नियम 1860 पर्यंत कोणत्या ना कोणत्या रूपात माहीत होते. विद्युत क्षेत्राच्या रेषा विद्युतप्रभारापासून निघतात किंवा त्याच्यावर संपतात. चुंबकीय रेषांना मात्र सुरुवातही नसते आणि शेवटही. चुंबकीय क्षेत्र बदलू लागले की त्याच्याभोवती विद्युत क्षेत्र निर्माण होते, हा फॅरडेचा नियम. तारेतून धारा वाहिली की तिच्याभोवती चुंबकीय क्षेत्र वेढे घेते, हा अँपिअरचा. यांपैकी अँपिअरच्या नियमात एक उणीव होती.

हा नियम असा वापरतात: तारेभोवती एक वर्तुळ कल्पायचे, त्याच्यावर एक पडदा ताणायचा आणि त्या पडद्याला भेदून किती धारा जाते ते पाहायचे. वर्तुळावरचे चुंबकीय क्षेत्र त्यावरून ठरते. पडदा सपाट असो की पिशवीसारखा फुगलेला, उत्तर एकच यायला हवे. आता त्या तारेत कपॅसिटर बसवला, म्हणजे मध्ये फट असलेल्या धातूच्या दोन समोरासमोर पट्ट्या जोडल्या. पट्ट्यांवर प्रभार साठत असेपर्यंत तारेतून धारा वाहते. सपाट पडदा तारेला छेदतो, तिथे धारा सापडते. फुगलेला पडदा मात्र पट्ट्यांमधल्या फटीतून नेला, तर त्याला भेदून एकही इलेक्ट्रॉन जात नाही. वर्तुळ तेच, आणि उत्तरे दोन!

फटीत प्रभार वाहत नसला तरी पट्ट्यांवर तो साठत असल्याने तिथले विद्युत क्षेत्र वाढत असते. या वाढीच्या वेगाला पट्टीच्या क्षेत्रफळाने आणि निर्वाताच्या एका स्थिरांकाने गुणले, की येणारी संख्या तारेतल्या धारेइतकीच असते. हीच विस्थापन धारा. जेम्स क्लर्क मॅक्सवेल यांनी 1862 मध्ये ती अँपिअरच्या नियमात मिळवली. पाठ्यपुस्तके कपॅसिटरचा हा युक्तिवाद त्यांच्या नावावर टाकतात. प्रत्यक्षात ते ईथर नावाच्या माध्यमाच्या एका यांत्रिक प्रतिमानावरून तिथे पोहोचले होते. ते माध्यम नंतर निकालात निघाले, समीकरणातले पद टिकले. त्यात प्रभाराचे वहन नसते, म्हणून ‘धारा’ हे नाव थोडे फसवेच आहे.

ही धारा त्याआधी कोणाच्या ध्यानात का आली नाही, ते आकड्यांवरून कळते. दहा सेंटिमीटर बाजूच्या दोन चौरस पट्ट्या एक मिलिमीटर अंतरावर ठेवून घरातला 230 व्होल्ट, 50 हर्ट्झचा पुरवठा जोडला, तर फटीतली विस्थापन धारा भरते जेमतेम 6.4 मायक्रोअँपिअर. तिचे चुंबकीय क्षेत्र पट्टीच्या कडेलासुद्धा पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राच्या दहा लाखाव्या भागाहून कमी असते. पण क्षेत्र जितक्या झपाट्याने बदलेल तितकी ही धारा वाढते. व्होल्टेज तेच ठेवून वारंवारता एफएम रेडिओची, म्हणजे दहा कोटी हर्ट्झ केली, तर त्याच फटीत ती सुमारे 13 अँपिअर होईल.

या पदाचा खरा परिणाम तारा आणि पट्ट्या नसलेल्या रिकाम्या जागेत दिसतो. तिथे बदलते चुंबकीय क्षेत्र विद्युत क्षेत्र उत्पन्न करते आणि बदलते विद्युत क्षेत्र चुंबकीय. समजा, दोन्ही क्षेत्रांनी भरलेला एक सपाट पट्टा v वेगाने रिकाम्या जागेत पुढे सरकतो आहे. प्रभारच नसल्यामुळे पहिले दोन नियम बजावतात, की दोन्ही क्षेत्रे गतीच्या दिशेला काटकोनात असली पाहिजेत. पट्टा सरकताना दर सेकंदाला नवी जागा चुंबकीय क्षेत्राखाली येते, म्हणून फॅरडेच्या नियमाने E = vB. तसेच नवी जागा विद्युत क्षेत्राखालीही येते, म्हणून दुरुस्त केलेल्या चौथ्या नियमाने B = μ₀ε₀vE. ही दोन्ही विधाने एकाच वेळी खरी ठरायची, तर v² = 1/μ₀ε₀ असायलाच हवे. विस्थापन धारा वगळली तर दुसरे विधान उरत नाही, आणि तरंगही उरत नाही. एक क्षेत्र मावळते तेव्हा दुसरे उगवते, असे तरंगाचे चित्र पुष्कळदा रंगवले जाते. ते चूक आहे. मुक्तपणे पुढे जाणाऱ्या तरंगात दोन्ही क्षेत्रे एकाच क्षणी कमाल होतात आणि एकाच क्षणी शून्य.

या वेगासाठी लागणारी संख्या प्रकाशाशी संबंध नसलेल्या एका मोजणीतून आधीच मिळाली होती. वेबर आणि कोलराउश यांनी लेडन जारमधला प्रभार एकदा त्याच्या विद्युत बलावरून आणि एकदा तो सोडताना दिसणाऱ्या चुंबकीय परिणामावरून मोजला होता. त्यांच्या 1856 च्या आकड्यावरून वेग निघाला सेकंदाला सुमारे 3,10,000 किलोमीटर. फिझो यांनी 1849 मध्ये फिरत्या दातेरी चाकाने मोजलेला प्रकाशाचा वेग होता सुमारे 3,15,000. आजच्या मानाने दोन्ही आकडे थोडे जास्त आहेत, पण त्यांची जवळीक पाहून प्रकाश हाच विद्युतचुंबकीय तरंग असल्याचा निष्कर्ष मॅक्सवेल यांनी काढला. आज प्रचलित असलेली चार समीकरणांची सुटसुटीत मांडणी 1880 च्या दशकात हेविसाइड यांनी केली.

प्रत्यक्ष पुरावा 1887-88 मध्ये कार्लस्रुहे इथे हाइनरिख हर्ट्झ यांनी दिला. त्यांनी ठिणग्यांच्या साहाय्याने सेकंदाला कोट्यवधी आंदोलने घडवली, कारण एवढ्या वेगाने बदलणाऱ्या क्षेत्रातच विस्थापन धारा ठळक होते. दूर ठेवलेल्या तारेच्या कड्यातल्या बारीक फटीतही ठिणग्या उडाल्या. मग त्यांनी हे तरंग धातूच्या पत्र्यावरून परावर्तित केले आणि डांबरासारख्या पदार्थाच्या मोठ्या लोलकातून वळवून दाखवले.