लाल ओळ सांगते, आज फोन कुणाला

पुण्यात रीसेलचे फ्लॅट विकणाऱ्या एकट्यादुकट्या एजंटाच्या पिशवीत एक जाड डायरी असतेच. चौकशीचा फोन आला की त्या दिवसाच्या पानावर नाव, नंबर, ‘२ बीएचके, कोथरूड, ९० पर्यंत’ आणि पुढे ‘पंधरवड्याने फोन’ असं लिहिलं जातं. अडचण एवढीच, की पंधरवडा उलटल्यावर ते जुनं पान पुन्हा उघडायला कुणाला आठवत नाही. डायरी चौकशी ज्या दिवशी आली त्या दिवशी लावून ठेवते, आणि एजंटाला हवा असतो पुन्हा फोन करायचा दिवस.

ही गफलत गूगल शीट किंवा एक्सेलमधला एक साधा तक्ता दूर करतो. त्यासाठी महागडं सॉफ्टवेअर लागत नाही. नऊ रकाने पुरतात. A मध्ये चौकशीची तारीख, B नाव, C मोबाईल, D मध्ये गिऱ्हाईक कुठून आलं, E गरज, F टप्पा, G पुढचं काम, H पुढची तारीख आणि I मध्ये इतर नोंद. एका गिऱ्हाइकाला एक ओळ. पुन्हा फोन आला तर नवी ओळ टाकायची नाही, जुनीच बदलायची.

खरी कसोटी टप्प्यांची असते. बरेच जण ‘गरम’, ‘कोमट’, ‘थंड’ असं लिहितात. पण तो एजंटाचा अंदाज झाला, आणि फोनवर गोड बोलणारं प्रत्येक गिऱ्हाईक गरमच वाटतं. टप्पा ठरावा तो घडलेल्या गोष्टीवरून. फोन आला म्हणजे ‘चौकशी’. बजेट, भाग आणि कर्जाचं काय हे विचारून झालं म्हणजे ‘गरज पक्की’. फ्लॅट प्रत्यक्ष पाहिला म्हणजे ‘पाहणी’. आकडा तोंडातून निघाला म्हणजे ‘बोलणी’. पैसे हातात पडले म्हणजे ‘टोकन’. त्यानंतर ‘नोंदणी’, आणि ब्रोकरेज खात्यात जमा झाल्यावरच ‘पूर्ण’. मध्येच गळालेल्यांसाठी ‘बंद’, आणि का गळाले ते I रकान्यात. हे शब्द दर वेळी हाताने न लिहिता ड्रॉपडाउनमधून निवडावेत, नाहीतर ‘टोकन’ आणि ‘टोकन झालं’ हे तक्त्याच्या लेखी दोन वेगळे टप्पे होतात.

एक नमुना घेऊ. कर्वेनगरला भाड्याने राहणारं एक जोडपं ५ जानेवारी २०२६ रोजी, सोमवारी दुपारी, जाहिरात पाहून फोन करतं. टप्पा: चौकशी. पुढचं काम: ‘संध्याकाळी सातनंतर सविस्तर बोलणे’. पुढची तारीख: ६ जानेवारी. दुसऱ्या दिवशी कळतं, की बजेट ९० लाख आहे, कर्ज काढायचं आहे आणि लिफ्ट हवीच. टप्पा बदलतो, तारीख जाते रविवार ११ जानेवारीवर. त्या दिवशी दोन फ्लॅट दाखवले जातात. दुसरा पसंत पडतो, पण नवरा म्हणतो, “बाबा साताऱ्याहून संक्रांतीनंतर येतील, त्यांना दाखवू आणि मग बोलू.”

नेमकी इथे डायरी घात करते. उतावळा एजंट सोमवार-मंगळवारी ‘मग काय ठरलं?’ म्हणून दोनदा फोन करतो आणि जोडपं वैतागतं. विसराळू एजंट महिनाअखेरीस फोन करतो, तोवर दुसऱ्या कुणी दुसरा फ्लॅट दाखवलेला असतो. तक्त्यात मात्र G मध्ये लिहिलेलं असतं, ‘बाबांना फ्लॅट दाखवणे, सोसायटीचं पार्किंगचं पत्र सोबत नेणे’, आणि H मध्ये १७ जानेवारी. नुसतं ‘फॉलोअप’ लिहिलेली ओळ निरुपयोगी. फोन उचलल्यावर पहिलं वाक्य काय बोलायचं, ते G रकान्यातून कळलं पाहिजे.

पुढे मालकाचे ९४ आणि जोडप्याचे ८८ यांच्यात ९१ लाखांवर जमतं, टोकन दिलं जातं. बरेच एजंट इथे निवांत होतात, आणि व्यवहार फिसकटतो तो इथेच. सोसायटीची एनओसी, शेअर सर्टिफिकेट, बँकेची कायदेशीर तपासणी, मूल्यांकन, यातलं एक काहीतरी अडतंच. रक्कम ५० लाखांच्या वर असल्याने खरेदीदाराला १ टक्का, म्हणजे ९१ हजार रुपये टीडीएस कापून भरायचा असतो, हेही मालकाला आधीच सांगावं लागतं. म्हणून टप्पा ‘टोकन’च राहिला तरी पुढचं काम आणि तारीख आठवड्यातून दोनदा बदलत राहते. जोडप्याला १९ मार्चच्या पाडव्याला चावी हवी असेल, तर नोंदणी त्याआधीच उरकायला हवी. पाडव्याला सरकारी कार्यालयं बंद असतात.

आता तारखेला बोलकं करायचं. गूगल शीटमध्ये दुसऱ्या ओळीपासूनच्या सगळ्या ओळी निवडून `Format → Conditional formatting → Custom formula is` इथे हे सूत्र टाकायचं आणि रंग लाल निवडायचा:

```
=AND($B2<>"",$H2<=TODAY(),$F2<>"पूर्ण",$F2<>"बंद")
```

अर्थ सरळ आहे. ओळीत नाव आहे, तारीख आज आली आहे किंवा उलटून गेली आहे, आणि व्यवहार अजून जिवंत आहे, तर ओळ लाल. पुढची तारीख टाकायची राहून गेली, तरी ओळ लालच होते, कारण रिकामा रकाना शून्य धरला जातो. ही सोय मुद्दाम न करता पदरात पडते.

उलट, H मध्ये ‘दिवाळीनंतर’ असं लिहिलं तर ती ओळ कधीच लाल होत नाही. शीटच्या लेखी तो मजकूर असतो, तारीख नव्हे. ‘दिवाळीनंतर’ म्हणजे नक्की कुठला दिवस, ते एजंटानेच ठरवायचं. दुसरा चकवा जास्त वाईट. शीट अमेरिकी पद्धतीवर असेल तर 05/03/2026 म्हणजे ५ मार्च न धरता ३ मे धरलं जातं, आणि गिऱ्हाईक दोन महिने गायब होतं. 15/03/2026 तर तारीख म्हणून ओळखलंच जात नाही. ओळखायची खूण सोपी: खरी तारीख आपणहून रकान्याच्या उजव्या कडेला चिकटते, मजकूर डावीकडे. `File → Settings` मध्ये `Locale` हे `India` केलं की पुढच्या नोंदी नीट होतात. आधी चुकलेल्या मात्र हाताने दुरुस्त कराव्या लागतात.

सकाळी चहासोबत तक्ता H वरून लावून घ्यायचा. लावताना सगळा तक्ता निवडायचा. एकटा H रकाना निवडून लावला तर तारखा एकाच्या दुसऱ्याला चिकटतात. मग लाल ओळींना फोन, आणि फोन ठेवल्याठेवल्या नवी तारीख. दिवसाला दहा फोन जमत असतील आणि तक्त्यात चाळीस ओळी लाल दिसत असतील, तर त्यातली निम्मी गिऱ्हाइकं केव्हाच हातची गेलेली असतात. त्यांना ‘बंद’ करायला जीव होत नाही एवढंच. तीन वेळा फोन उचलला नाही तर एक शेवटचा मेसेज टाकून ओळ बंद करावी.

तीनेक महिन्यांनी D आणि F हे रकाने शेजारी ठेवून पाहावेत. पोर्टलवरून आलेल्या बहुतेक ओळी ‘चौकशी’तच बंद झाल्या आणि जुन्या गिऱ्हाइकांनी पाठवलेल्या ‘बोलणी’पर्यंत पोचल्या, असं दिसलं तर जाहिरातीचा खर्च कुठे कमी करायचा ते वेगळं विचारावं लागत नाही. पाहणी भरपूर आणि बोलणी मोजकीच असतील, तर बहुधा बजेट नीट न विचारता फ्लॅट दाखवले जात आहेत.

आणि हा तक्ता ‘लिंक असेल त्या कुणालाही’ दिसेल असा कधी ठेवू नये. त्यात लोकांचे नंबर आणि बजेट दोन्ही असतात.

त्या जोडप्याच्या ओळीत चावी दिल्यानंतरही F मध्ये ‘नोंदणी’च राहतं. ब्रोकरेजचा दुसरा हप्ता यायचा आहे. H मध्ये २३ मार्च.