षड्ज थरथरतो तेव्हा

गुरुपौर्णिमेचा कार्यक्रम. बारा वर्षांची मुलगी भूप गायला बसते. बंदिश घरी अगदी चोख बसलेली. इथे मात्र षड्ज टिकेना, आवाज कापायला लागला. दुसऱ्या आवर्तनात ती तबल्याच्या पुढे धावली आणि समेवर दोन मात्रा आधीच येऊन थांबली. रियाज कमी पडला, हा निकाल घरी जाताना रिक्षातच लागतो.

तो बहुतेक वेळा चुकीचा असतो. समोर माणसं दिसली की शरीर धोका समजून अ‍ॅड्रेनॅलिन सोडतं. श्वास वर छातीत अडकतो, आखूड होतो, आणि लांब सुरासाठी हवा सावकाश सोडणं जमत नाही. वादकांची बोटं गार पडतात, कारण रक्त मोठ्या स्नायूंकडे वळतं. वर मन पहारा देऊ लागतं: आता गंधार, आता धैवत. जे गळा आपोआप करत होता, ते मोजूनमापून करायला गेलं की अडखळतं.

१९९७ साली अमेरिकेत शाळकरी बँडवादकांवर झालेला एक अभ्यास प्रसिद्ध झाला. प्रत्येकानं एकट्यानं तीनदा वाजवायचं होतं: आधी खोलीत कुणी नसताना, मग एका संशोधकासमोर, शेवटी सगळे संशोधक आणि सोबत्यांसमोर, ध्वनिमुद्रण चालू ठेवून. दर टप्प्याला मुलांनी सांगितलेली भीती वाढत गेली. तिसऱ्या वेळी हृदयाचे ठोकेही स्पष्ट वाढले. म्हणजे बंद खोलीतल्या रियाजात ही परिस्थिती येतच नाही.

म्हणून जाणते गुरू ऐकणारे हळूहळू वाढवतात. आधी एक गुरुभगिनी, मग मोबाइलवर मुद्रण, मग क्लासमधली चार मुलं, मग शेजारच्या आजी. चूक झाली तरी सुरुवातीपासून गायचं नाही, पुढच्या मुखड्याला समेवर यायचं, हा सरावही वेगळा घ्यावा लागतो. मागे वळायची सवय मंचावर सगळ्यात महागात पडते.

‘घाबरू नकोस’ म्हणण्याचा मात्र फारसा उपयोग होत नाही. हार्वर्डच्या अ‍ॅलिसन वुड ब्रूक्स यांनी २०१४ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात लोकांना कराओकेवर गाण्याआधी एक वाक्य म्हणायला लावलं. ‘मला उत्साह वाटतोय’ म्हणणाऱ्यांना यंत्रानं सरासरी सुमारे ८१ टक्के गुण दिले, ‘मला धास्ती वाटतेय’ म्हणणाऱ्यांना ५३, आणि काहीच न म्हणणाऱ्यांना ६९. धडधड तीच, नाव बदललं. अर्थात ही मोठी माणसं होती आणि गाणं हौशी. बारा वर्षांच्या मुलीला हे आकडे जसेच्या तसे लागू करू नयेत.

धडधडीची ओळख करून द्यायला एक साधी युक्ती आहे. मुलीला दोन मजले जिने चढून यायला सांगायचं आणि दम खात असतानाच षड्ज लावायला लावायचा. पहिल्यांदा तो हलतो. तिला हसू येतं. पाच-सहा दिवसांनी ती बसल्या बसल्या आधी एक लांब उच्छ्वास सोडते, मग सूर धरते.