लाइट दुसऱ्यांदा जाते तेव्हा

२०२२ च्या एप्रिलमध्ये कोळशाची टंचाई झाली आणि राज्यात पुन्हा भारनियमन जाहीर झालं. ज्या फीडरवर वीजगळती जास्त आणि बिलांची वसुली कमी, त्यांच्यावर कुऱ्हाड आधी पडते, ही जुनी रीत आपल्याला पाठ आहे. नवीन होतं ते एवढंच की आता गावोगावी घरून काम करणारी मुलं-मुली बसलेली होती. माझी भाची त्यातलीच. ऑफिस पुण्यात, ती तालुक्याच्या गावी. वेळापत्रक आलं : सकाळी १० ते १, दुपारी साडेतीन ते ६. म्हणजे कामाचे तास नेमके हेरून ठेवल्यासारखे.

तिने खरेदी आधीच करून ठेवली होती. वीस हजार एमएएचची पॉवर बँक आणि राउटरसाठी हातात मावेल एवढा छोटा यूपीएस, ज्याच्या खोक्यावर ‘४ तास बॅकअप’ लिहिलेलं होतं. सकाळची वेळ निभावली. दुपारी साडेपाचच्या आतच मीटिंगमधून तिचा चेहरा गायब झाला. रात्री फोन आला, “मामा, सकाळी तीन तास चाललेला यूपीएस दुपारी दोन तासही टिकला नाही. खराब निघाला का?”

खराब नव्हता. चूक हिशेबात होती, आणि ती जवळपास सगळेच करतात. बॅकअप किती तास चालेल हे आपण विचारतो. मधल्या वेळात तो किती भरेल हे विचारत नाही.

हिशेब मांडायचा तर आधी एमएएच हा आकडा बाजूला ठेवावा. तो एकाच व्होल्टेजच्या दोन बॅटऱ्यांची तुलना करायला ठीक आहे, पण लॅपटॉप, राउटर आणि पॉवर बँक तिघंही वेगवेगळ्या व्होल्टेजवर चालतात. तिघांना एका काट्यावर तोलायचं तर वॉट-तास हवेत. पॉवर बँकेतल्या सेलचं व्होल्टेज साधारण ३.७ असतं. वीस हजार एमएएच म्हणजे वीस अँपिअर-तास; त्याला ३.७ ने गुणलं की ७४ वॉट-तास. व्होल्टेज चढवताना काही ऊर्जा उष्णतेत जाते, त्यामुळे हाती साठच्या आसपास येतात असं धरावं. पॉवर बँकेच्या पाठीवर बारीक अक्षरात ‘रेटेड कपॅसिटी’ म्हणून बारा-तेरा हजारांचा आकडा छापलेला असतो, तो याच कारणाने. ती फसवणूक नाही. उलट खरा आकडा तोच. फक्त तो छापायला कंपन्यांना भिंगच लागतं.

लॅपटॉपचं उलटं असतं. त्याच्या बॅटरीवर वॉट-तास छापलेले असतात, पण ते ती नवी असतानाचे. विंडोज असेल तर आजची खरी ताकद कळायला कमांड प्रॉम्प्टमध्ये एवढंच टाइप करायचं :

```
powercfg /batteryreport
```

एक फाइल तयार होते आणि ती कुठे ठेवली तेही तिथेच दिसतं. त्यात DESIGN CAPACITY आणि FULL CHARGE CAPACITY हे दोन आकडे शेजारी-शेजारी असतात. भाचीच्या लॅपटॉपचा पहिला आकडा पन्नास वॉट-तासांचा आणि दुसरा ३८ चा निघाला. तळाशी थोडं शिल्लक ठेवायचं म्हटलं तर वापरायला ३४. तिचं साधं काम, म्हणजे ब्राउझर, मेल, एक्सेल, स्क्रीनचा उजेड निम्मा, सुमारे १२ वॉट घेतं. व्हिडिओ कॉल सुरू झाला की वीसवर जातं, कारण कॅमेरा, माइक आणि चित्र आवळून पाठवणारा प्रोसेसर तिघंही एकदम कामाला लागतात. सकाळच्या तीन तासांत एक तास मीटिंग धरली तर ४४ वॉट-तास लागले. दहा कमी पडले, ते पॉवर बँकेने दिले.

यात एक मेख आहे. बरेच लॅपटॉप बॅटरी जपण्यासाठी ८० टक्क्यांवर चार्जिंग थांबवतात. एरवी ही सवय चांगली, पण भारनियमनाच्या दिवसांत ती मर्यादा काढून ठेवायची, नाहीतर पाचवा हिस्सा आपण स्वतःच सोडून देतो.

आता राउटर. गुन्हेगार तिथेच आहे. भाचीच्या फायबरच्या राउटरवर १२ व्होल्ट, १ अँपिअर लिहिलंय, पण तो प्रत्यक्षात सात वॉटच्या आसपास घेतो. तीन तासांचे २१ वॉट-तास झाले. यूपीएसच्या आत आठ हजार एमएएचचे सेल, म्हणजे जेमतेम तीस वॉट-तास, आणि बाहेर पडणारे चोवीस. सात वॉटला साडेतीन तासांच्या आतच संपणार. खोक्यावरचे ‘४ तास’ सहा वॉटचा राउटर धरून लिहिलेले असावेत. तरी सकाळ निघाली. एक वाजता यूपीएसमध्ये तीन वॉट-तास उरले होते.

एक ते साडेतीन लाइट होती, मग तो भरला का नाही? या छोट्या यूपीएसला वीज राउटरच्याच जुन्या अडॅप्टरमधून मिळते. १२ व्होल्ट, १ अँपिअर म्हणजे १२ वॉट. त्यातले सात राउटर लगेच पिऊन टाकतो. बॅटरीच्या वाट्याला पाच राहतात. अडीच तासांचे साडेबारा झाले, त्यातले एक-दोन वाया गेले. उरलेले तीन मिळवले तर साडेतीन वाजता आत साडेतेरा वॉट-तास होते. दुपारी लागणार होते साडेसतरा. साडेतेराला सातने भागा : दोन तासांना पाच मिनिटं कमी. पाच वाजून पंचवीस मिनिटांनी मीटिंगमधून चेहरा गायब.

मी हा हिशेब फोनवर सांगितला तेव्हा ती म्हणाली, “मग आणखी एक यूपीएस घेते.” घ्यायची गरज नव्हती. पॉवर बँकेतल्या साठपैकी चाळीसहून जास्त तशाच पडून होत्या.

पहिला उपाय मोठ्या अडॅप्टरचा, दोन अँपिअरचा. पण यूपीएसवर इनपुट किती अँपिअरपर्यंत चालेल ते लिहिलेलं असतं. ते वाचल्याशिवाय नको. शिवाय बरेच यूपीएस आतूनच सावकाश चार्ज होतात, मग अडॅप्टर कितीही मोठा असो. दुसरा उपाय आम्ही केला : सकाळी राउटर यूपीएसवर, दुपारी पॉवर बँकेवर. त्यासाठी पाच व्होल्टचे बारा करणारी केबल मिळते, एका टोकाला यूएसबी आणि दुसऱ्याला राउटरची गोल पिन. ती घेताना तीन गोष्टी पाहाव्या लागतात. पिनेची बाहेरची जाडी ५.५ मिलिमीटर जुळली तरी आतलं भोक २.१ आहे की २.५ ते तपासा. चुकलं तर पिन सैल बसते आणि टेबलाला धक्का लागला की राउटर बंद. मधली बाजू धन आहे ना हे अडॅप्टरवरच्या छोट्या चित्रावरून पाहा. आणि पॉवर बँकेचं ते तोंड दोन अँपिअरपेक्षा जास्त देणारं हवं, कारण बारा व्होल्टला सात वॉट म्हणजे पाच व्होल्टला केबलचा तोटा धरून सव्वाआठ वॉट, जवळपास १.७ अँपिअर.

टाइप-सीच्या ‘१२ व्होल्ट पीडी’ केबल मिळतात, त्यांच्याबाबत सावध. पीडीच्या आताच्या ठरलेल्या पायऱ्या पाच, नऊ, पंधरा आणि वीस व्होल्टच्या आहेत. बारा देणं पॉवर बँकेवर बंधनकारक नाही. ती देत नसेल तर केबल मुकाट नऊ व्होल्ट घेते. राउटरचे दिवे लागतात, पण वायफाय मधूनच पडतं. आणि आपण इंटरनेटवाल्याला शिव्या घालत बसतो.

ही अदलाबदल लाइट असतानाच, जेवणाच्या सुट्टीत करायची. राउटर पुन्हा सुरू व्हायला दोन-चार मिनिटं घेतो, ती मीटिंगमध्ये जायला नकोत. पॉवर बँक भिंतीला लावून तिच्यातूनच राउटर चालवायचा मोहही टाळावा. लाइट जाता-येता कित्येक पॉवर बँका क्षणभर पुरवठा तोडतात, राउटर तेवढ्यानेही बसतो.

दुपारचा लॅपटॉपचा हिशेब सोपा निघाला. मधल्या अडीच तासांत ६५ वॉटच्या चार्जरने तो काम करता-करता पूर्ण भरला. दुपारी लागले ३८, बॅटरीने दिले ३४, चार पॉवर बँकेने. तिचा टाइप-सी पोर्ट चार्जिंग घेतो म्हणून हे जमलं. सगळेच घेत नाहीत, काही पोर्ट फक्त डेटासाठी असतात. आणि घेत असला तरी १८ वॉटच्या पॉवर बँकेला काही लॅपटॉप दारातूनच परत पाठवतात. ४५ किंवा ६५ वॉट देणारीच घ्यावी. सगळं मिळून पॉवर बँकेचे पस्तीस-अडतीस वॉट-तास गेले, फोनसाठीही उरले.

घरात इन्व्हर्टर असेल तर एवढा उपद्व्याप कशाला, असं कुणी म्हणेल. खरंच आहे. दीडशे अँपिअर-तासाच्या बॅटरीपुढे राउटर-लॅपटॉप म्हणजे किरकोळ गिऱ्हाईक. फक्त मागचं बटण ‘यूपीएस’कडे आहे की साध्या मोडवर, ते पाहा. साध्या मोडमध्ये लाइट गेल्यावर बदल व्हायला जो क्षण लागतो त्यात राउटर पुन्हा सुरू होतो. यूपीएस मोडमध्ये तो क्षण लहान असतो, पण मेनच्या व्होल्टेजबाबत इन्व्हर्टर चिकित्सक होतो : साधारण १८० च्या खाली गेलं की लगेच बॅटरीवर. उन्हाळ्यात संध्याकाळी व्होल्टेज पडणाऱ्या गावात लाइट असूनही बॅटरी उतरत राहते. तिथे साधा मोड आणि राउटरला वेगळा यूपीएस हेच बरं.

एवढं करूनही एक गोष्ट आपल्या हातात नसते. पलीकडच्या टोकाला वीज आहे का? फायबर घरापर्यंत थेट आला असेल तर वाटेतल्या खांबावरच्या पेटीला वीज लागत नाही. बॅटरी लागते ती एक्स्चेंजकडे. पण काही ठिकाणी गल्लीतल्या एखाद्या घरात स्विच बसवून तिथून केबल ओढलेली असते. त्या घराची लाइट गेली की तुमचा राउटर जिवंत असून उपयोग नाही. लाइट गेल्यावर राउटरवरचे दिवे बघायचे. लाल ‘एलओएस’ दिवा लुकलुकला किंवा इंटरनेटचा दिवा विझला, तर दोष पलीकडचा. असं असेल तर मोबाइलचा हॉटस्पॉट हाच मार्ग, आणि अख्खं गाव त्याच वेळी मोबाइल डेटावर आलेलं असतं हे गृहीत धरून मीटिंगला कॅमेरा बंद.

भाचीने पुढच्या रविवारी चाचणी घेतली : सगळं भरून घेतलं, मग राउटर आणि लॅपटॉपचे प्लग काढून घड्याळ लावलं. राउटर यूपीएसवर तीन तास वीस मिनिटं टिकला. आता सहाला लाइट आली की ती पाच मिनिटं थांबते, कारण पहिल्या झटक्यात व्होल्टेज उसळतं, आणि मग सगळ्यात आधी पॉवर बँक लावते. तिला भरायला सर्वांत जास्त, पाच-सहा तास लागतात. लॅपटॉप झोपायच्या आधी लावला तरी चालतो.