मरून मागितला, चॉकलेटी आला!

लग्नाला महिना राहिलेला. शनिवारी संध्याकाळी प्रेसमधून ४०० पत्रिकांचा गठ्ठा आला. आईने मोठ्या हौसेने दोरी सोडली, वरची पत्रिका हातात घेतली आणि गप्पच झाली. मग हळूच म्हणाली, "अगं, हा चॉकलेटी आहे."

पत्रिकेचा रंग आम्ही आईच्या लग्नातल्या शालूवरून घेतला होता. मरून, सोनेरी काठाचा. पहिली पत्रिका कसबा गणपतीपुढे ठेवायची, म्हणून बाबांनी दिवसही ठरवला होता. आणि आता हा कॉफी सांडल्यासारखा रंग! मी तिथल्या तिथे प्रेसला मेल ठोकला. 'तुम्ही आमच्या लग्नाचा विचका केलात' इथपासून सुरुवात. नशीब, पाठवायच्या आधी ऑफिसमधल्या डिझायनर मैत्रिणीला वाचून दाखवला.

ती म्हणाली, "रडगाणं नको गं. पत्रिका उजेडात घेऊन ये."

दुसऱ्या दिवशी खिडकीत बसून तिने आधी गठ्ठ्यातली वरची, मधली आणि खालची पत्रिका शेजारी शेजारी ठेवली. तिन्ही सारख्याच तपकिरी. शाई कमीजास्त झाली असती, तर रंग मध्येच बदलला असता. मग तिने पाकिटावरचा गोल स्टिकर काढला. तोही त्याच प्रेसचा, त्याच मरूनचा, पण पांढऱ्याशुभ्र ग्लॉसी कागदावर. आणि तो चक्क मरून होता!

म्हणजे घोळ कागदाचा होता. छपाईची शाई पारदर्शक असते, खालचा कागद तिच्यातून दिसतो. चार रंगांच्या छपाईत मरून होतो तो भरपूर मजेंटा, त्यात पिवळा आणि थोडा काळा मिळून. आमचा कागद आयव्हरी, म्हणजे पिवळसर. त्यामुळे पिवळा आपोआप वाढला आणि मरून तपकिरीकडे झुकला. त्यात कागद खरखरीत, कोटिंग नसलेला. तो शाई पिऊन टाकतो आणि रंगाची चमक जाते.

प्रूफ मात्र आम्हाला पांढऱ्या आर्ट कार्डवर दाखवलं होतं. आणि त्यावर 'ओके' लिहून सही केली होती मीच! मग जुना मेल डिलीट केला आणि हे पत्र लिहिलं:

*सस्नेह नमस्कार,*

*आपल्याकडून ४०० लग्नपत्रिका मिळाल्या. मजकूर, कटिंग आणि सोनेरी फॉइल उत्तम आहे. मात्र मरून रंग तपकिरी आला आहे. सोबत मी सही केलेलं प्रूफ, छापलेली पत्रिका आणि पाकिटावरचा स्टिकर जोडला आहे. तिन्ही कृपया दिवसाच्या उजेडात शेजारी ठेवून पाहावेत.*

*प्रूफ पांढऱ्या आर्ट कार्डवर होतं, छपाई आयव्हरी कागदावर झाली. कागदामुळे रंग बदलेल, याची कल्पना आम्हाला दिली गेली नाही. प्रूफ त्याच कागदावर मागायला हवं होतं, ही माझीही चूक.*

*विनंती अशी, की फक्त पत्रिका पुन्हा छापून द्यावी. पाकिटं आणि स्टिकर चालतील. नव्या कागदाचा खर्च मी देईन, छपाई आपण सोसावी. छपाई सुरू होण्याआधी मशीनवरचं पहिलं शीट पाहायला मी स्वतः येईन. येत्या शुक्रवारपर्यंत पत्रिका मिळाव्यात.*

*कळावे, लोभ असावा.*

सोमवारी प्रेसवाल्या काकांचा फोन. आवाज जरा घुश्शातच. "सही तुमचीच आहे ना मॅडम?" मी म्हटलं, "हो काका, माझीच. पण कागद तुमचा होता." दोन सेकंद शांतता. मग म्हणाले, "या बुधवारी. शालूही घेऊन या."

बुधवारी काकांनी चार रंगांचा नाद सोडला. मरूनची वेगळी शाई डब्यातच मिसळून घेतली, कागदाचा पिवळेपणा मारायला जरा निळसर झाकेची. पहिलं शीट आलं आणि मी ओरडलेच, "परफेक्ट!" काका हसले. "ओली शाई फसवते. या कागदावर वाळली की उतरते. जरा उजळच ठेवू." तासाभराने तेच शीट पाहिलं, तर खरंच एक छटा खाली आलं होतं. शालू शेजारी ठेवला. जुळलं!

कागदाचे पैसे मी भरले, छपाईचे काकांनी सोडले. शुक्रवारी गठ्ठा घरी आला. आईने पत्रिका खिडकीत नेली, शालूच्या पदरावर ठेवली आणि बाबांना हाक मारली, "अहो, चला, गणपतीला जाऊन येऊ."

त्या चॉकलेटी पत्रिका? त्यांच्या मागच्या कोऱ्या बाजूवर केळवणांच्या याद्या झाल्या. आयव्हरी कागद शाई छान पितो म्हटलं ना!