झिरो माइलच्या खांबावरचे मैल

नागपूरला विधान भवनाजवळ झिरो माइलचा खांब आहे. 1907 साली, ब्रिटिशांच्या महासर्वेक्षणाच्या काळातली ही खूण. खांबाशेजारी चार घोड्यांचे पुतळे आहेत आणि दगडावर आसपासच्या शहरांची नावे मैलांतल्या अंतरांसह कोरलेली आहेत. हैदराबाद 318 मैल, जबलपूर 170 मैल, सिवनी 79 मैल. खांब बघायला येणारे हे आकडे वाचतात आणि पुढे जातात. पण हे मैल कोणते? नकाशावर पट्टी ठेवून मोजलेले, की बैलगाडीच्या वाटेने मोजलेले? दगडावर तसे काहीच लिहिलेले नाही. सर्वेक्षण खात्याची खूण आहे म्हटल्यावर मनात पहिल्यांदा येते ते सरळ रेषेतले अंतर. कारण सर्वेक्षण म्हणजे दुर्बिणी, त्रिकोण आणि कोन, हे आपल्या डोक्यात पक्के असते.

याचे उत्तर घरबसल्या काढता येते. त्यासाठी दोन्ही शहरांचे अक्षांश-रेखांश आणि शाळेतले पायथागोरसचे प्रमेय एवढे पुरते. नागपूर साधारण 21.15 अंश उत्तर आणि 79.09 अंश पूर्व. हैदराबाद 17.39 उत्तर आणि 78.49 पूर्व. अक्षांशांतला फरक 3.76 अंश. एक अंश अक्षांश म्हणजे जमिनीवर जवळपास 111 किलोमीटर, म्हणून उत्तर-दक्षिण अंतर झाले 417 किलोमीटर. रेखांशांतला फरक 0.60 अंश. रेखावृत्ते विषुववृत्तावर सर्वांत दूर असतात आणि ध्रुवाकडे जाताना जवळ येत जातात, त्यामुळे आपल्या पट्ट्यात एक अंश रेखांश सुमारे 105 किलोमीटरचा भरतो. म्हणजे पूर्व-पश्चिम अंतर 63 किलोमीटर. दोन्हींचे वर्ग करून बेरीज घेतली आणि वर्गमूळ काढले की सरळ रेषेतले अंतर येते, सुमारे 422 किलोमीटर.

दगडावरचे 318 मैल किलोमीटरमध्ये 512 होतात. 422 आणि 512 यांत नव्वद किलोमीटरचा फरक आहे, आणि एवढी चूक सर्वेक्षण खात्याच्या हातून होणार नाही. जबलपूरसाठी हाच हिशेब केला तर सरळ रेषेत सुमारे 242 किलोमीटर येतात आणि दगड सांगतो 274. सिवनीसाठी 115 येतात, दगडावरचे 79 मैल म्हणजे 127. तिन्ही वेळा दगडाचा आकडा मोठा आहे. शिवाय प्रत्येक वेळी तो वेगळ्या प्रमाणात मोठा आहे. हे महत्त्वाचे, कारण मैलाचे माप वेगळे धरल्यामुळे फरक पडला असता तर तो तिन्ही ठिकाणी एकाच प्रमाणात दिसला असता. म्हणजे हे रस्त्याचे मैल आहेत. त्रिकोणांनी देश मोजणाऱ्या खात्याच्या खुणेवरसुद्धा अंतरे कोरली ती वाटसरूच्या कामाची.

शहरांच्या अंतरांचे बहुतेक तक्ते असेच असतात, असे माझे मत आहे. एका देशाच्या आतली शहरे असतील आणि तक्त्याखाली काहीच लिहिलेले नसेल, तर आकडा रस्त्याचा आहे असे धरून चालावे. रोड अ‍ॅटलासच्या शेवटच्या पानांवरचा त्रिकोणी तक्ता, डायरीतला तक्ता, पर्यटनाच्या पुस्तिकेतले कोष्टक, हे सगळे प्रवाशासाठी केलेले असतात. जगातल्या शहरांच्या तक्त्यात मात्र मुंबई-लंडन किंवा टोकियो-न्यूयॉर्क अशी जोडी आली की रस्त्याचा प्रश्नच उरत नाही. तिथे पृथ्वीच्या गोल पाठीवरून काढलेले सर्वांत जवळचे अंतर देतात. आपण त्याला हवाई अंतर म्हणतो, पण विमान प्रत्यक्षात तेवढेच उडते असे नाही. वारे, हवाई मार्ग आणि बंद असलेले आकाश यांमुळे ते जास्तच उडते. इतक्या लांबच्या जोड्यांना वरची पायथागोरसची रीत चालत नाही. ती काही शे किलोमीटरपर्यंतच विश्वासाची आहे, त्यापुढे गोलावरचे सूत्र लागते.

आकडा कोणता आहे हे ओळखायला सरळ अंतराने त्याला भागून पाहावे. हैदराबादच्या बाबतीत 512 भागिले 422 म्हणजे 1.21, जबलपूरच्या बाबतीत 1.13. मोकळ्या पठारावर रस्त्याचे अंतर सरळ अंतराच्या साधारण सव्वापट धरले तर फारसे चुकत नाही. घाट आणि खाड्या आल्या की ते वाढते. भागाकार एकला अगदी चिकटून आला तर आकडा बहुधा सरळ रेषेचा असतो. आणि तो रस्त्याचाच आहे असे कोणी ठामपणे सांगत असेल, तर दोन टोके कुठे धरली आहेत ते तपासावे.

मुंबई-नागपूरच्या बाबतीत ही तपासणी कामाला येते. समृद्धी महामार्ग 701 किलोमीटरचा आहे, हा आकडा आता सर्वांच्या तोंडी आहे, आणि बोलताना तोच मुंबई-नागपूर अंतर होऊन बसतो. मुंबईचे छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस 18.94 उत्तर, 72.84 पूर्व. अक्षांशांचा फरक 2.21 अंश म्हणजे 245 किलोमीटर, रेखांशांचा 6.25 अंश म्हणजे सुमारे 653 किलोमीटर. सरळ अंतर 697 च्या आसपास. म्हणजे 701 किलोमीटरचा रस्ता सह्याद्री ओलांडून, विदर्भ-मराठवाड्यातून फिरून सरळ रेषेपेक्षा फक्त चार किलोमीटर लांब झाला! असा रस्ता होऊ शकत नाही. खुलासा सोपा आहे. महामार्ग नागपूरबाहेर शिवमडक्याला सुरू होतो आणि भिवंडी तालुक्यातल्या आमणे गावाजवळ संपतो. तिथून दक्षिण मुंबई गाठायला आणखी पन्नासहून अधिक किलोमीटर जावे लागते. 701 ही एका रस्त्याची लांबी आहे, दोन शहरांमधले अंतर नाही. तक्त्यांमध्ये शिरणाऱ्या चुकांतली ही एक नेहमीची जात आहे, आणि आकडा खरा असल्यामुळे ती चटकन सापडत नाही.

टोकांचा प्रश्न जुनाच आहे. जुन्या मुंबईत मैलांचे दगड फोर्टातल्या सेंट थॉमस चर्चपासून मोजून लावले होते. त्या काळी शहर म्हणजे फोर्ट, त्यामुळे कोणाचा गोंधळ होत नसे. आज बोरिवलीत राहणाऱ्या माणसाला तक्त्यातले मुंबई-नाशिक अंतर कुठून धरायचे असा प्रश्न पडला, तर तो योग्यच आहे. लांबच्या प्रवासात तीस किलोमीटरचा फरक पचून जातो, जवळच्या शहराच्या बाबतीत तोच निर्णायक ठरतो.

घाटाने आकडा किती फुगतो हे मुंबई-पुणे मार्गावर दिसते. दोन्ही मुख्य स्थानकांमधले सरळ अंतर सुमारे 119 किलोमीटर आहे. गाडी मात्र 192 किलोमीटर चालते, कारण लोहमार्ग आधी कल्याणपर्यंत ईशान्येकडे जातो, मग कर्जतला खाली वळतो आणि बोरघाट चढून लोणावळ्याला येतो. रस्ता या दोन आकड्यांच्या मधोमध कुठेतरी पडतो. म्हणून रेल्वेच्या वेळापत्रकातले किलोमीटर उचलून रस्त्याच्या तक्त्यात घालणे धोक्याचे आहे. कोकण रेल्वेच्या बाबतीत तर दुप्पट सावध राहावे. हा मार्ग बांधायला फार खर्च आला, म्हणून प्रवासी भाडे ठरवताना त्यावरचे अंतर सुमारे 40 टक्के वाढवून धरतात. तिकिटावर छापलेले किलोमीटर हे भाड्याचे किलोमीटर असतात. ते रुळांवर मोजायला गेलात तर सापडणार नाहीत.

खाडीचा परिणाम याहून मोठा. गेटवे ऑफ इंडियापासून अलिबाग सरळ रेषेत सुमारे 31 किलोमीटर. बोटीने मांडव्याला उतरणाऱ्याला हे अंतर पटते. पण पनवेल, पेण, वडखळ असा जुन्या रस्त्याने वळसा घातला तर जवळपास शंभर किलोमीटर होतात, म्हणजे तिपटीहून जास्त. 12 जानेवारी 2024 रोजी शिवडी ते न्हावा-शेवा हा 21.8 किलोमीटरचा अटल सेतू उघडला आणि हा वळसा कमी झाला. त्या दिवसाआधी छापलेल्या प्रत्येक रस्त्याच्या तक्त्यात मुंबईहून रायगडच्या गावांची अंतरे जुनी पडली. सरळ अंतराच्या तक्त्यात एकही आकडा बदलावा लागला नाही. पुस्तक जुने असेल आणि त्यातले अंतर सरळ रेषेचे असेल तर ते आजही वापरता येते. रस्त्याचे असेल तर आधी छपाईचे साल पाहावे. झिरो माइलच्या खांबावरचे 1907 चे मैलसुद्धा आजच्या महामार्गांशी तंतोतंत जुळतील अशी अपेक्षा ठेवू नये.

कायदा मात्र तक्त्यांच्या नेमका उलट वागतो, आणि सामान्य माणसाला याची कल्पना क्वचितच असते. 1897 च्या जनरल क्लॉजेस अ‍ॅक्टचे कलम 11 सांगते की केंद्रीय कायद्यात अंतराचा उल्लेख असेल आणि वेगळा हेतू दिसत नसेल, तर ते अंतर सपाट पातळीवर सरळ रेषेत मोजायचे. तक्त्यात काही लिहिले नसेल तर रस्ता समजावा, कायद्यात काही लिहिले नसेल तर सरळ रेषा. समजा, एखाद्या केंद्रीय कायद्यात मुंबईपासून पन्नास किलोमीटरच्या आतल्या ठिकाणांसाठी काही अट आहे आणि ते कसे मोजायचे याबद्दल एक शब्दही नाही. अलिबागचा माणूस डायरीतला तक्ता काढतो, त्यात शंभराच्या जवळचा आकडा पाहतो आणि आपण हद्दीबाहेर आहोत असे समजून निश्चिंत होतो. कलम 11 प्रमाणे तो 31 किलोमीटरवर, हद्दीच्या चांगलाच आत असतो. अशा वेळी तक्ता बाजूला ठेवून अक्षांश-रेखांश घ्यावेत आणि वरची आकडेमोड करावी. कागद, पेन्सिल आणि पाच मिनिटे यांत ती होते.