पाठवण्याआधी चिडक्या आवाजात वाचा

मेल पाठवण्याआधी एकदा मोठ्याने वाचून बघा, असा सल्ला सगळेच देतात. पण आपण तो वाचतो आपल्याच आवाजात. मनात राग नसतो, त्यामुळे वाचताना तो ऐकूही येत नाही.

जस्टिन क्रूगर, निकोलस एप्ली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००५ साली प्रसिद्ध केलेल्या संशोधनात हे नेमकं दिसलं. आपण गंभीरपणे लिहिलंय की उपरोधाने, हे ईमेल वाचणाऱ्याला सुमारे ७८ टक्के वेळा कळेल, असा लिहिणाऱ्यांचा अंदाज होता. प्रत्यक्षात कळलं जेमतेम ५६ टक्के वेळा. नाणं उडवून ठरवलं तरी निम्मी उत्तरं बरोबर येतात! याच संशोधनात काहींना स्वतःचा मजकूर मुद्दाम उलट सुरात वाचायला लावलं, तेव्हा त्यांचा हा फाजील आत्मविश्वास ओसरला.

आपणही तेच करावं. समजा, सहकाऱ्याला लिहिलंय : ‘मी सोमवारीच सांगितलं होतं की विक्रीचे आकडे लागतील. अजून आलेले नाहीत. आज तरी पाठवा.’ आपल्या सुरात ही साधी आठवण आहे. आता हेच वैतागलेल्या साहेबाच्या आवाजात वाचा. ‘सोमवारीच’मधल्या ‘च’वर आवाज आपोआप चढतो, ‘अजून’ लांबतं आणि ‘आज तरी’ म्हणताना टोमणा मारल्यासारखं होतं. राग ओढूनताणून आणावा लागत नाही, तो वाक्यात बसूनच जातो. मजकूर बदलायला हवा, याची हीच खूण.

नुसतं ‘कृपया’ जोडून भागत नाही. ‘कृपया आज तरी पाठवा’ उलट जास्तच बोचतं. वाक्यच नव्याने लिहावं : ‘सोमवारी बोलणं झालं होतं त्या विक्रीच्या आकड्यांसाठी अहवाल थांबला आहे. आज चारपर्यंत मिळाले तर संध्याकाळी तो पुढे पाठवता येईल. काही अडचण असेल तर सांगा.’ हे रागाने वाचून बघा. नाटकी वाटतं, जमत नाही. कारण आता वाक्य चुकणाऱ्या माणसाबद्दल नाही, अडलेल्या कामाबद्दल आहे. मागणी मात्र तेवढीच स्पष्ट राहिली आहे, आणि ती राहायलाच हवी. गुळमुळीत लिहिणं म्हणजे सौजन्य नव्हे.

अर्थात, जे लिहिलंच नाही ते वाचून सापडत नाही. राहून गेलेले आभार, वगळलेला नमस्कार, किंवा साध्या आठवणीच्या मेलवर वरिष्ठांना ठेवलेली प्रत, हे वेगळं तपासावं लागतं. वयाने मोठ्या व्यक्तीला लिहिलं असेल, तर हेच वाक्य समोर उभं राहून त्यांना म्हणू का, एवढं स्वतःला विचारावं.

आणि खरोखरच राग आला असेल, तर ही चाचणी उपयोगाची नाही. तेव्हा मजकूर मसुद्यांतच ठेवा आणि दुसऱ्या दिवशी सकाळी वाचा.